कळसूबाईवरून टिपलेल्या अलंग-मदन-कुलंगचा धुरकटपणा: डीहेझ किती द्यावा आणि कुठे?

मृदुला_सं

गेल्या मार्चमध्ये कळसूबाईच्या माथ्यावरून दुपारी चारच्या सुमारास अलंग, मदन आणि कुलंग या तिघांचा एकत्र फोटो काढला. लेन्स ७०-२००, फोकल लांबी १३५, फाइल रॉ स्वरूपात आहे. प्रत्यक्ष डोळ्यांना तिन्ही किल्ले बऱ्यापैकी वेगळे दिसत होते, फोटोत मात्र ते ताकात बुडवून काढल्यासारखे आले आहेत. पुढच्या कातळावरची वाळलेली गवताची काडी न काडी स्पष्ट आहे आणि मागे सगळा पांढुरका पडदा आहे.

लाइटरूममध्ये पूर्ण फोटोला डीहेझ +६० आणि क्लॅरिटी +४० दिली. पहिल्या क्षणी फारच आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो उघडला तेव्हा अलंग कोळशाने गिरवल्यासारखा दिसला, कुलंगच्या माथ्यावरून एक पांढरी रेघ धावत होती, आकाश जांभळट झाले होते आणि त्यात सेन्सरवरच्या धुळीचे सात-आठ डाग उगवले होते. पुढचा कातळ तर डांबर ओतल्यासारखा काळा. सासूबाईंनी फोटो पाहून "वणवा लागून गेला होता का गं?" असे विचारले.

मला १२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढायचा आहे. धुरकटपणा कमी व्हावा, पण फोटोवर हात फिरवल्याचे कळू नये, यासाठी नेमके काय करावे?

निळाई

हा प्रश्न फोटो काढतानाच सोडवायचा असतो. यूव्ही फिल्टर आणि त्यावर पोलरायझर लावला असता तर डीहेझची गरजच पडली नसती. मी माझ्या लेन्सवरून पोलरायझर कधी काढतच नाही.

टकमक

निळाईताई, काढत नाही की आता निघत नाही? माझा गेली चार वर्षे अडकून बसला आहे.

घाटमाथा

निळाई यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि ते अर्धे महत्त्वाचे असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

यूव्ही फिल्टरचा उपयोग फिल्मच्या काळात होता, कारण फिल्मला अतिनील प्रकाश दिसत असे. डिजिटल सेन्सरच्या पुढे तो प्रकाश आधीच बहुतांशी अडवलेला असतो, त्यामुळे आज यूव्ही फिल्टर म्हणजे लेन्सचे झाकण समजावे. पोलरायझर मात्र धुरकटपणा खरोखर कमी करतो, पण सूर्याच्या दिशेशी साधारण काटकोनात पाहत असाल तरच. मार्चमध्ये दुपारी चार वाजता कळसूबाईवर सूर्य पश्चिम-नैर्ऋत्येला असतो आणि अलंग-मदन-कुलंग हे त्रिकूटही पश्चिमेलाच आहे. म्हणजे मृदुला जवळजवळ सूर्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्याच जागी डावीकडे वळून दक्षिणेला रतनगडाकडे पाहिले असते, तर पोलरायझरने फरक दाखवला असता.

आणखी एक गोष्ट. मार्चच्या हवेतला धुरकटपणा हा मुख्यतः धूळ आणि वणव्यांचा धूर असतो. हे कण प्रकाश पुढच्या दिशेला जास्त फेकतात, म्हणून सूर्यासमोरचा डोंगर सर्वांत जास्त पांढुरका दिसतो. हाच फोटो सकाळी आठ वाजता, सूर्य पाठीशी असताना काढला असता तर निम्मे काम तिथेच झाले असते. पण हे झाले "पुढच्या वेळी". आता हातातल्या फाइलविषयी बोलू.

मृदुला, एक काम करा. सगळे स्लायडर शून्यावर आणा आणि कर्सर फिरवून हिस्टोग्रामखालचे आकडे इथे लिहा: पुढचा कातळ, अलंग, कुलंग आणि कुलंगच्या अगदी वरचे आकाश. प्रत्येक ठिकाणचा सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग हवा आहे.

रिमझिम२२

माझीही हीच अडचण आहे. हरिश्चंद्रगडावर ऑगस्टमध्ये गेलो होतो, कोकणकड्यावर काहीच दिसेना. सगळे पांढरे. फोटोतही काहीच नाही. डीहेझ +१०० केले तरी दरी उघडली नाही. रॉमध्ये काढला असता तर दिसली असती का?

टकमक

रिमझिम, तो धुरकटपणा नव्हता, तो ढग होता आणि आपण त्याच्या पोटात उभे होतात. त्यावर उपाय एकच, डबा उघडून जेवायला बसणे.

घाटमाथा

टकमक यांनी थट्टेत सांगितले तरी ते खरे आहे. धुरकट हवेतून डोंगराचा प्रकाश थोडा का होईना कॅमेऱ्यापर्यंत पोचतो आणि त्यावर वरून पांढरा प्रकाश मिसळलेला असतो. तो मिसळलेला भाग वजा करता येतो. ढगातून पलीकडचे काहीच पोचत नाही, त्यामुळे वजाबाकी करून उरायलाही काही नसते.

मृदुला_सं

आकडे टक्क्यांत देते, तिन्ही रंगांची ढोबळ सरासरी काढून.

पुढचा कातळ ३ ते ५५. अलंग ४६ ते ६६. कुलंग ५८ ते ६८. कुलंगच्या वरचे आकाश ७८. कुलंगच्या गडद भागात तांबडा ५४, हिरवा ५८ आणि निळा ६३ असे वेगवेगळे आकडे दिसत आहेत.

घाटमाथा

या आकड्यांतच तुमच्या फोटोची सगळी गोष्ट आहे.

पुढच्या कातळाचा गडद भाग ३ वर आहे, म्हणजे तिथे धुरकटपणा नाहीच. तरीही डीहेझ +६० त्यालाही लागला, म्हणून तो डांबरासारखा झाला. ज्याला आजार नाही त्यालाही औषध पाजल्यासारखे ते आहे. अलंगचा गडद भाग ४६ वर उचलला गेला आहे आणि कुलंगचा ५८ वर. कुलंगचे सगळे कडे, घळी, झाडी मिळून अवघ्या दहा टक्क्यांत कोंबलेली आहे. ती तुम्ही तीस टक्क्यांत पसरवलीत, तर कड्यांमधला फरक तिप्पट होतो आणि त्याबरोबर सेन्सरचा नॉइजही तिप्पट होतो. खरखरीतपणा इथून येतो. त्यावर क्लॅरिटी चढवली की डोंगराचा पोत आणि नॉइज यांतला फरक तिला कळत नाही, ती दोन्ही उगाळते.

मी असे करेन. पूर्ण फोटोचा डीहेझ शून्यच ठेवायचा. नवा मास्क घेऊन पुढच्या कातळाच्या वरपासून आकाशापर्यंत लिनियर ग्रेडियंट ओढायचा, तोही लांब आणि मऊ. त्यातून पुढचा कातळ ब्रशने वजा करायचा. या मास्कला डीहेझ +२० ते +२५ द्यायचा आणि गडद भागाचे आकडे पाहायचे. अलंग ४६ वरून साधारण ३२ पर्यंत आला की थांबायचे. मग फक्त मदन आणि कुलंगसाठी दुसरा, छोटा मास्क घेऊन आणखी +१० द्यायचा, त्याहून अधिक नाही. कुलंग ४८ च्या आसपास राहिला पाहिजे.

नियम एवढाच की मागच्या डोंगराचा गडद भाग पुढच्या डोंगराच्या गडद भागापेक्षा उजळच राहिला पाहिजे. कातळ ३, अलंग ३२, कुलंग ४८, आकाश ७५ अशी पायरी टिकली तर डोळा फसत नाही. तुमच्या पहिल्या प्रयत्नात अलंग बहुधा कातळाच्या जवळ जाऊन बसला असणार, म्हणून अंतरच नाहीसे झाले.

आता रंग. निळा ६३ आणि तांबडा ५४ यांतून सारखीच रक्कम वजा केली की उरलेल्या दोन आकड्यांतला फरक प्रमाणाने फार मोठा होतो. म्हणून डीहेझनंतर डोंगर नीळ घातल्यासारखे दिसतात. त्याच मास्कमध्ये सॅच्युरेशन -१० ते -१५ करा आणि टेम्परेचर किंचित पिवळ्याकडे न्या. पूर्ण निळेपणा काढू नका, नाहीतर आठ किलोमीटरवरचा डोंगर शेजारच्या टेकडीसारखा वाटतो.

क्लॅरिटी यानंतर, तीही फक्त अलंगवर, +१० पर्यंत. कुलंगवर क्लॅरिटी, टेक्स्चर आणि शार्पनिंग यांतले काहीही नको. उलट त्या मास्कमध्ये नॉइज रिडक्शन थोडे वाढवा.

मृदुला_सं

आणि ती पांढरी रेघ? मी आकाश वेगळे निवडून मास्कमधून वजा करूनही पाहिले होते. रेघ बारीक झाली, पण गेली नाही, उलट जास्त टोचू लागली.

घाटमाथा

आकाश वजा केल्यामुळेच ती टोचते. आकाशाचा मास्क कड्याच्या रेषेवर तंतोतंत बसत नाही, दोन-चार पिक्सेल इकडेतिकडे होतोच, आणि तेवढ्या पट्टीत जुना पांढुरका डोंगर तसाच शिल्लक राहतो. शिवाय क्षितिजालगतचे आकाश म्हणजे तोच धुरकटपणा, फक्त त्याच्यामागे डोंगर नाही. डोंगर स्वच्छ केला आणि त्याच्या डोक्यावरचे आकाश दुधाळ ठेवले, की कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते. म्हणून ग्रेडियंट कड्याशी तोडू नका, तो आकाशात वर विरू द्या. क्षितिजालगतचे आकाश ७८ वरून ७५ वर आले तर काही बिघडत नाही.

क्लॅरिटीची रेघ वेगळी. ती आसपासच्या मोठ्या भागाची सरासरी पाहून काम करते, त्यामुळे गडद डोंगर आणि उजळ आकाश जिथे भेटतात तिथे आकाशाची कड उजळते. क्लॅरिटीचा ब्रश कड्याच्या रेषेपासून थोडा खालीच थांबवला की ती रेघ येत नाही.

डार्करूम_ते_डार्कटेबल

लाइटरूम नसलेल्यांसाठी लिहितो. डार्कटेबलमध्ये 'हेझ रिमूव्हल' हे मॉड्यूल आहे आणि त्यात ताकद व अंतर असे दोन स्लायडर आहेत. ते २००९ साली कायमिंग हे, जियान सुन आणि शाओउ तांग यांनी मांडलेल्या पद्धतीवर बेतलेले आहे. त्या पद्धतीचे गृहीतक असे की, स्वच्छ हवेतल्या फोटोत आकाश सोडून कुठेही छोटा चौकोन घेतला तरी तांबडा, हिरवा, निळा यांपैकी एखादा रंग कुठेतरी जवळजवळ काळा असतोच. तो तसा नसेल तर जेवढा उचललेला आहे तेवढा धुरकटपणा.

यातली गंमत मी स्वतः अनुभवली. रतनगडाच्या एका फोटोत पुढ्यात आमच्या सोबतचे एक मामा पांढरी टोपी आणि पांढरा सदरा घालून बसले होते. पांढऱ्या सदऱ्यात काळे काहीच नसते, त्यामुळे प्रोग्रॅमने त्यांनाच दाट धुके समजून स्वच्छ केले. डोंगर जेमतेम उघडला आणि मामांचा सदरा राखाडी झाला. त्यांना तो फोटो पाठवला तर म्हणाले, "एवढा मळका होतो व्हय मी?" तेव्हापासून मी पुढचा भाग मास्कने वगळूनच हे मॉड्यूल वापरतो. 'लोकल कॉन्ट्रास्ट'चे मॉड्यूल मी लोकल लाप्लासियन प्रकारात ठेवतो, त्यात रेघा फार कमी येतात.

रानभूल

मी थोडा वेगळा सूर लावते. सह्याद्रीत मार्चमध्ये हवा धुरकट असतेच. डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगा हेच त्या ऋतूचे रूप आहे आणि कुलंग अलंगहून दूर आहे, हे फोटो पाहणाऱ्याला त्या फिकटपणावरूनच कळते. स्वच्छच हवे असेल तर ऑक्टोबरमध्ये, पाऊस नुकताच ओसरल्यावर जावे. मार्चच्या फोटोला ऑक्टोबरचे कपडे का चढवायचे? मी असे फोटो उलट कृष्णधवल करते आणि धुरकटपणा तसाच ठेवते.

घाटमाथा

रानभूल, मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच मी कुलंगला ४८ वर थांबायला सांगितले. पण मृदुलांची तक्रारही खोटी नाही. आपण डोंगरावर उभे असतो तेव्हा डोळे आणि मेंदू मिळून तो पडदा बराचसा दुर्लक्षित करतात. प्रत्यक्षात "बऱ्यापैकी वेगळे दिसत होते" असे त्या म्हणतात, ते याचमुळे. थोडे काढल्याने फोटो आठवणीच्या जवळ येतो. किती काढावे, याबाबत मात्र आपले दोघांचे कधीच जमणार नाही.

कृष्णधवलविषयी एक भर घालतो. निळसर धुरकटपणा तांबड्या रंगात कमी दिसतो, म्हणून रूपांतर करताना तांबडा वाढवून निळा कमी केला की दूरची रांग डीहेझशिवायच उघडते. धूळ आणि धूर असेल तर हा फायदा कमी मिळतो, कारण ते कण सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात.

रानभूल

मी तेच करत नाही, असेच तर सांगत होते! पण माहिती उपयोगी आहे, नको असलेल्या वेळी उलटे फिरवीन.

पुणे५२

माझ्याकडे फोनवर काढलेला जेपेग आहे आणि तोही ग्रुपवरून फिरून आलेला. डीहेझ दिल्यावर आकाशात जिन्यासारखे पट्टे आले आणि डोंगरावर बारीक चौकटी दिसू लागल्या. मास्क लावूनही तेच. माझे काय चुकते आहे?

डार्करूम_ते_डार्कटेबल

पुणे५२, चूक आपली नाही, फाइलमध्ये मालच नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. मृदुलांच्या कुलंगसारखा डोंगर दहा टक्क्यांत बसला असेल तर त्याच्या वाट्याला पंचवीस-सव्वीस पायऱ्या येतात. त्या तिप्पट ताणल्या की मधे रिकाम्या जागा पडतात, तेच आपले पट्टे. चौकटी जेपेगच्या आठ बाय आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांच्या आहेत. मूळ फाइल मिळवा, ती जेपेग असली तरी फिरून आलेल्यापेक्षा बरी असेल, आणि डीहेझ +१० च्या आत ठेवा. फोनने स्वतःचे शार्पनिंग आधीच केलेले असते, त्यामुळे क्लॅरिटीला हात लावू नका.

निळाई

घाटमाथा, पोलरायझरचे पटले. सूर्याच्या दिशेचा विचार मी कधी केला नव्हता, म्हणूनच तो कधी चालतो आणि कधी ढिम्म असतो. पण एक शंका आहे. नॉइज तिप्पट होतो म्हणता, तर एकच फोटो न काढता पाच-दहा काढून त्यांची सरासरी केली तर? रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणारे करतात तसे.

घाटमाथा

अगदी योग्य सुचवलेत. नऊ फोटोंची सरासरी काढली की नॉइज एक तृतीयांशावर येतो, म्हणजे कुलंग तिप्पट ताणला तरी नॉइज जिथल्या तिथे. धुरकटपणा त्याने कमी होत नाही, पण तो काढण्यासाठी ताणायला जागा मिळते. दुपारी तापलेल्या हवेत दूरचा डोंगर थरथरतो, ती थरथर मात्र सरासरीत पुसट होऊन जाते. ती थरथर म्हणजे धुरकटपणा नव्हे. तिच्यावर डीहेझ किंवा टेक्स्चर चालवले तर कड्यावर शेवाळासारखे गोळे उगवतात.

मृदुला, एकाच एक्स्पोजरचे आणखी फोटो आहेत का?

मृदुला_सं

एकामागून एक काढलेले तीन आहेत. म्हणजे नॉइज साधारण पावणेदोन पट कमी होईल, बरोबर ना?

घाटमाथा

बरोबर. फोटोशॉपमध्ये तिन्ही फोटो लेयर म्हणून घ्या, एकमेकांवर जुळवा, सगळ्यांत खालचा १००, मधला ५० आणि वरचा ३३ टक्के अपारदर्शक ठेवा. पुढचे गवत वाऱ्याने हलले असेल, तर पुढच्या भागात एकच फोटो वापरा.

मृदुला_सं

चार दिवसांनी परत आले आहे. तीन फोटोंची सरासरी केली, मोठा मास्क +२२ आणि लहान मास्क +८ दिला. अलंग ३३, कुलंग ४९ आणि क्षितिजाजवळचे आकाश ७६ वर आहे. सॅच्युरेशन -१२. क्लॅरिटी फक्त अलंगच्या कड्यावर +८, रेषेच्या खाली थांबवून. आकाशातले डाग डीहेझनंतरच दिसले, ते हील ब्रशने काढले. पांढरी रेघ गेली. जांभळटपणाही गेला. फोटोच्या कोपऱ्यांत मात्र आकाश काळवंडले होते, तेव्हा लेन्स करेक्शन चालूच केले नव्हते हे लक्षात आले.

सासूबाईंना जुना आणि नवा असे दोन्ही दाखवले. नव्याकडे पाहून "हा बरा, लांबचा लांब दिसतो" म्हणाल्या.

एक अडचण राहिली आहे. मदन आणि अलंग यांच्यामधल्या खिंडीत, जिथे मागचा कुलंग डोकावतो, तिथे मास्कची सीमा कुठे ठेवावी ते कळत नाही. अलंगच्या मास्कमध्ये घेतले तर ती खिंड आसपासपेक्षा गडद होते आणि न घेतले तर तेवढ्यात धुके साचल्यासारखे दिसते.

डार्करूम_ते_डार्कटेबल

उजळपणावरून मास्क केला तर? ५५ ते ७० टक्क्यांमधलेच पिक्सेल दुसऱ्या मास्कमध्ये घ्यायचे. कुलंग तेवढ्यातच आहे.

घाटमाथा

पण अलंगचे उजळ कातळही ६६ पर्यंत जातात, तेही त्यात सापडतील. मी तिथे मोठ्या, मऊ ब्रशने फ्लो १० ठेवून हाताने दोन-तीन फटकारे मारेन आणि फोटो लहान करून पाहीन. नखाएवढा केल्यावर खिंड डोळ्यांत खुपली नाही तर १२ बाय १८ मध्येही खुपत नाही. तरी मॅट कागदावर आधी फक्त त्या खिंडीचा तळहाताएवढा तुकडा छापून पाहा, कारण मॅटवर गडद भाग आणखी चिकटतात.

टकमक

कोणी पोलरायझर काढायचा उपाय सांगेल का? गंभीरपणे विचारतो आहे.

निळाई

रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. दाबू नका, दाबले की आणखी आवळतो.

मृदुला_सं

खिंडीवर ब्रशचे दोन फटकारे मारले. लहान करून पाहिले तर खुपत नाही, मोठे केले की मला अजून दिसते. बहुधा आता मला तेवढेच दिसते. उद्या तुकडा छापायला देते.